तिघांची वेळ कधीच जुळत नाही, तेव्हा निर्णय कसा घ्यायचा

तिघांनी मिळून एक गोष्ट ठरवायची आहे आणि तिघं एका वेळी मोकळे सापडत नाहीत. अशा वेळी बहुतेक जण सारखी सवड शोधत राहतात. "या रविवारी बोलू", "पुढच्या रविवारी नक्की" असं होत महिना जातो आणि शेवटी परिस्थितीच निर्णय घेऊन टाकते. यातून सुटायचं तर निर्णय आणि बैठक या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तिघांनी आपापल्या सवडीने उत्तर द्यायचं, उत्तरं कशी मोजायची ते आधी ठरलेलं असायचं, आणि मोजूनही निकाल लागला नाही तर काय करायचं तेही आधीच ठरलेलं असायचं. या शेवटच्या भागाला इथे आपण 'पर्यायी तजवीज' म्हणू. सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलू.

समजा, कोकणात वडिलोपार्जित घर आहे, तिघा भावंडांच्या नावावर. कायम कुणी राहत नाही, गणपतीला उघडतं. मंगलोरी कौलं फुटली आहेत, काही रिपा आणि दोन वासे कुजले आहेत. पावसाळ्याआधी छपराचं काहीतरी करायला हवं. दादा गावातच, पण स्वतःच्या बागेजवळच्या घरात राहतो. ताई पुण्यात एका रुग्णालयात परिचारिका आहे. धाकटा मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर.

आता वेळा बघा. एप्रिल-मे म्हणजे हापूसचा हंगाम. दादा पहाटे काढणीला जातो, दुपारी प्रतवारी आणि पेट्या भरणं, संध्याकाळी गाडी भरायची, कारण माल पहाटे वाशीच्या बाजारात पोहोचला पाहिजे. त्याला जेवताना दुपारी एक ते दोन आणि रात्री नऊ ते दहा एवढीच उसंत. ताईची पाळी फिरती: सकाळी ८ ते २, दुपारी २ ते ८ किंवा रात्रपाळी ८ ते ८. धाकट्याची वॉच, म्हणजे जहाजावरची कामाची पाळी, जहाजाच्या घड्याळाप्रमाणे रात्री १२ ते ४ आणि दुपारी १२ ते ४. मधल्या वेळात दोन तुकड्यांत झोप, म्हणून बोलायला संध्याकाळचे पाच ते सात उरतात. त्यात जहाजाचं घड्याळ प्रवासाबरोबर सरकतं. आखाती देशांजवळ असताना त्याचे पाच ते सात म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा ते साडेआठ. तेव्हा दादा गाडी भरत असतो. सिंगापूरजवळ तेच दोन तास आपल्याकडे दुपारी अडीच ते साडेचार होतात. तेव्हा दादा पेट्यांत गुंतलेला. इथे कॅलेंडर कितीही चाळलं तरी उपयोग नाही. वेळ नाहीच, हे एकदा मान्य केलं की पुढचं सोपं होतं.

आधी नियम, मग प्रश्न

पहिलं काम छपराचं नाही. मतं कशी मोजायची हा नियम तिघांनी मान्य करायचा, आणि एवढ्यापुरतं मात्र एकमत हवंच. कौलं की पत्रा हा वाद पेटण्याआधी नियम पुढे ठेवला तर तो सहसा मान्य होतो. वाद पेटल्यावर प्रत्येक जण नियमाकडेही आपला पर्याय जिंकेल की हरेल याच चष्म्यातून बघतो. नियम तीन-चार वाक्यांत बसला पाहिजे, म्हणजे उत्तर "मान्य" या एका शब्दात देता येतं. उदाहरणार्थ:

"तिघांपैकी दोघांचं मत जुळलं की निर्णय झाला. मुदतीत उत्तर आलं नाही तर ते मत तटस्थ धरायचं. किमान दोघांची उत्तरं हवीत. निकाल लागला नाही तर प्रश्नासोबत लिहिलेली पर्यायी तजवीज अमलात आणायची."

यातलं दुसरं वाक्य सर्वांत मोलाचं आहे. गप्प राहण्याचा अर्थ ठरलेला नसेल तर गप्प राहणारा आपोआप नकाराधिकार मिळवतो: त्याने काहीच केलं नाही तरी सगळं थांबतं. हे काही घरगुती शोध नाहीत. भारतीय कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७५ नुसार संचालक मंडळाला बैठक न घेता, मसुदा सगळ्यांकडे फिरवून बहुमताने ठराव करता येतो. कंपनी सचिवांच्या मानकांत त्यासाठी जास्तीत जास्त सात दिवसांची मुदत आहे आणि उत्तर न देणारा तटस्थ समजला जातो. जगभर विखुरलेल्या लोकांच्या अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनमध्ये मतदान किमान ७२ तास खुलं ठेवायचा प्रघात आहे, कारण तेवढ्या वेळात पृथ्वीवर कुठेही असलेल्या माणसाला जागेपणी उत्तर देता येतं.

मौनाला तटस्थ धरायचं की होकार धरायचं? लहान खर्चाच्या, सहज मागे घेता येणाऱ्या गोष्टींना मौन म्हणजे होकार चालतं: विजेचं बिल, आवारातली झाडी साफ करणं. छपरासारख्या कामात तटस्थच धरावं. नाहीतर विचारणाऱ्याला वाईट सवय लागते: समोरचा वॉचवर किंवा रात्रपाळीत असताना प्रश्न टाकायचा आणि मौन पदरात पाडून घ्यायचं.

प्रश्न असा लिहा की एका ओळीत उत्तर देता येईल

"घराचं काय करायचं?" याला उत्तर नसतं, यावर फक्त गप्पा होतात. "छपराचं यंदा काय करायचं: कौलं, पत्रा की ताडपत्री?" याला उत्तर असतं. पर्याय मोजके, प्रत्येकाचा खर्च आणि तोटा एका वाक्यात, मुदत तारीख-वेळेसह, आणि पर्यायी तजवीज. एवढं सगळं एकाच लेखी संदेशात हवं. ध्वनिसंदेश नको. सात मिनिटांचं बोलणं जहाजावरच्या मंद इंटरनेटवर उतरत नाही, आणि रात्रपाळीवरून आलेली व्यक्ती ते ऐकत बसत नाही.

मुदत ठरवताना उलटं मोजत या. दक्षिण कोकणात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात लागतो, पण मेच्या उत्तरार्धात वळीव येऊ शकतो, म्हणून काम १८ मेपर्यंत संपायला हवं. सुताराला दहा दिवस लागणार, म्हणजे ८ मेला सुरुवात. लाकूड किंवा पत्रा मागवून यायला आणि सुताराचे दिवस धरायला दोन आठवडे सोडा, कारण मेमध्ये सगळ्या गावाला तोच सुतार हवा असतो. म्हणजे निकाल २४ एप्रिलला लागला पाहिजे. मतदानाला सहा दिवस दिले तर प्रश्न १८ एप्रिलला जायला हवा. सहाच का? सगळ्यात अडलेल्या माणसाला स्वतःच्या निदान दोन मोकळ्या वेळा मिळाल्या पाहिजेत: एक वाचून विचार करायला, दुसरी उत्तर द्यायला. ताईची रात्रपाळी आणि धाकट्याचं बंदरातलं काम एकाच वेळी आलं तरी सहा दिवसांत तेवढं होतं. दहा-बारा दिवस दिले तर उत्तरं लवकर येत नाहीत. सगळे शेवटच्या रात्रीची वाट बघतात आणि मधल्या काळात प्रश्न विसरला जातो.

वेळ लिहिताना "२४ तारखेला रात्री १२" असं कधी लिहू नका. ती रात्र कुठली, यावर हमखास भांडण होतं. "२४ एप्रिल, २१:००, भारतीय वेळ" असं लिहा. संपूर्ण संदेश असा होईल:

> छपर, यंदा. तिन्ही पर्याय पसंतीच्या क्रमाने लिहा, उदा. "क, त, प".
> क: फुटकी कौलं आणि कुजलेल्या रिपा-वासे बदलून कौलं परतायची. खर्च मध्यम, दर वर्षी थोडी डागडुजी.
> प: कौलं उतरवून लोखंडी सांगाड्यावर पत्रा. खर्च जास्त, देखभाल कमी, उन्हाळ्यात तापतं, पावसात आवाज.
> त: यंदा फक्त ताडपत्री. खर्च कमी, पुढच्या वर्षी पुन्हा हाच प्रश्न.
> मुदत: २४ एप्रिल, २१:००, भारतीय वेळ.
> निकाल न लागल्यास: माजघर आणि देवघरावरची कौलं परतायची, बाकीच्या छपरावर ताडपत्री. काम दादाने करून घ्यायचं, खर्च सामाईक खात्यातून.

हा संदेश लिहिणाऱ्याच्या हाती बरीच सत्ता असते. पर्याय कोणते आणि कोणाचा तोटा ठळक, हे तोच ठरवतो. म्हणून टाकण्याआधी मसुदा अशा भावंडाला दाखवावा ज्याचं मत लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाण्याची शक्यता आहे. दोन शब्द बदलतील, पण पुढचं "तू प्रश्नच तिरका विचारलास" टळेल.

पसंतीचा क्रम का मागायचा

दोनच पर्याय असतील आणि तिघंही मत देतील तर बरोबरी होऊच शकत नाही. तीन पर्याय आले की एक-एक-एक अशी फाटाफूट होते. तेव्हा नुसती पहिली पसंती हाती असेल तर पुन्हा विचारत बसावं लागतं आणि आणखी सहा दिवस जातात. पूर्ण क्रम आधीच मागितला तर त्याच उत्तरांतून पुढची मोजणी करता येते.

मोजणी अशी. आधी पहिल्या पसंती बघा. दोन जुळल्या तर काम झालं. नाही जुळल्या तर जोड्या लावा: क आणि प यांत किती जणांनी कोणाला वर ठेवलं, मग क आणि त, मग प आणि त. जो पर्याय दोन्ही लढती जिंकेल तो निर्णय.

समजा दादाचा क्रम प, क, त आहे. दरवर्षी छपरावर चढायचा त्याला कंटाळा. ताईचा क, त, प. पत्र्याखालची उष्णता तिला नको. धाकट्याचा त, क, प. पुढच्या वर्षी रजेवर येऊन घर नीट बांधू असं त्याच्या मनात आहे. पहिल्या पसंती तीन वेगळ्या. पण क विरुद्ध प मध्ये ताई आणि धाकटा क च्या बाजूने. क विरुद्ध त मध्ये दादा आणि ताई क च्या बाजूने. कौलं परतायची, निकाल लागला. कुणाला फोन करावा लागला नाही.

आता धाकट्याने फक्त शेवटचे दोन उलटे लिहिले असते, म्हणजे त, प, क, तर? प हा क ला हरवतो (दादा, धाकटा). क हा त ला हरवतो (दादा, ताई). आणि त हा प ला हरवतो (ताई, धाकटा). चक्र पूर्ण. फ्रेंच गणिती काँडोर्सेने १७८५ मध्ये हाच पेच दाखवला होता: प्रत्येकाचं मत सुसंगत असूनही तिघांचं मिळून बहुमत गोल फिरत राहतं. मोजणीत चूक झालेली नसते आणि कुणी हट्टीपणा केलेला नसतो. हे ओळखणं फार उपयोगाचं, कारण अशा वेळी "अजून जरा बोलू या" म्हणून काही सुटत नाही. शिवाय जोडीजोडीने मत घेतलं तर शेवटी कोणती जोडी आली यावर विजेता ठरतो, म्हणजे क्रम लावणाराच जिंकतो. चक्र दिसलं की मोजणी थांबवा आणि तजवीज अमलात आणा.

पर्यायी तजवीज निवडताना

नवखे लोक इथे "काही ठरलं नाही तर जसं आहे तसं ठेवू" असं लिहितात. छपर जसं आहे तसं ठेवलं तर पाऊस आत येतो आणि सागाचे वासे आणखी कुजतात. काहीच न करणं ही तजवीज तेव्हाच चालते, जेव्हा थांबल्याने खरोखर नुकसान होत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते आणि सहसा लक्षात येत नाही. तजवीज म्हणून कुणाची तरी पहिली पसंतीच लिहिली जाते. वरच्या उदाहरणात "निकाल नाही लागला तर ताडपत्री" असं लिहिलं असतं तर बघा काय होतं. धाकट्याला ताडपत्रीच हवी आहे. त्याने उत्तर दिलं, तर पहिल्या मोजणीप्रमाणे कौलं जिंकतात. तो गप्प राहिला, तर दादाचं प आणि ताईचं क अशी एकास एक बरोबरी होते आणि ताडपत्री येते. गप्प राहून तो जिंकतो. त्याने मुद्दाम केलं असं म्हणायचं नाही. वॉच, झोप, बंदर, कारणं खरीच असतील. पण ज्याला गप्प राहून फायदा आहे त्याचं उत्तर नेमकं उशिरा येतं, आणि मग बाकीचे दोघे त्याच्या खऱ्या कारणांवरही विश्वास ठेवेनासे होतात.

म्हणून तजवीज अशी हवी की ती कुणाचीच पहिली पसंती नाही, पण कुणालाच असह्यही नाही. माजघर आणि देवघराची कौलं, बाकी ताडपत्री, हे तसं आहे: लाकूड वाचतं, खर्च मर्यादित राहतो आणि पुढच्या वर्षी पत्रा घालायचा किंवा सगळी कौलं परतायची, दोन्ही वाटा उघड्या राहतात. असा मधला मार्ग सापडतच नसेल तर चिठ्ठ्या टाकाव्यात. देवासमोर चिठ्ठी उचलणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि तिचा एक रोकडा फायदा असा की मुद्दाम घोळ घालून कुणालाच काही मिळत नाही. "अडलं तर दादा ठरवेल" हे मात्र टाळा. मग घोळ झाला की पत्रा येणार, हे दादालाही ठाऊक असतं.

आणखी दोन गोष्टी तपासा. तजवीज एका माणसाला, कुणालाही पुन्हा न विचारता पार पाडता आली पाहिजे. आणि तिचे पैसे आधीच बाजूला असले पाहिजेत. तिघांनी ठरलेली रक्कम सामाईक खात्यात किंवा दादाकडे १८ एप्रिललाच जमा करावी. नाहीतर २४ तारखेला तजवीज लागू होते, सुतार आगाऊ मागतो, धाकट्याची बँक जहाजावरून उघडत नाही, आणि अडकण्याची जागा फक्त बदलते. गावात असलेल्या माणसावर कामाचा भार पडतो तो वेगळाच. हंगामात सुतारामागे फिरणं दादाला महाग आहे. त्याची मजुरी खर्चात धरायची का, हे नियम करतानाच विचारून घ्या. नंतर तो स्वतः कधी विचारणार नाही आणि विसरणारही नाही.

"नाही, यावर बोललंच पाहिजे"

असं कुणीतरी म्हणणारच, आणि कधी कधी ते बरोबरही असतं. कलम १७५ मध्येसुद्धा एक-तृतीयांश संचालकांनी मागणी केली तर विषय बैठकीत न्यावा लागतो. तीन संचालकांच्या कंपनीत याचा अर्थ एकटा संचालकही बैठक मागू शकतो. घरात हा हक्क तसाच दिला तर मूळचीच अडचण परत येते, कारण बैठकीची वेळ जुळतच नाही. म्हणून त्याला एक अट जोडा: बैठक मागणाऱ्यानेच मुदतीच्या आतली, बाकी दोघांना जमणारी वेळ शोधून द्यायची. सापडली तर बोला. नाही सापडली तर मतदान ठरल्याप्रमाणे चालू राहील. मुदत वाढणार नाही.

मधेच कुणाला चौथा पर्याय सुचला तर? पहिलं उत्तर येण्याआधी सुचला तर संदेश दुरुस्त करून नव्याने टाका. एकाने जरी उत्तर दिलं असेल तर नवा पर्याय पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवा. अर्धी मतं जुन्या यादीवर आणि अर्धी नव्या यादीवर असली की मोजणीला अर्थ राहत नाही.

उत्तरांचाही काटेकोरपणा हवा. उंचावलेला अंगठा म्हणजे "वाचलं" की "मान्य"? "तुम्ही म्हणाल तसं" हे मत नाही, ते तटस्थच मोजा आणि तसं कळवा. समूहात सगळ्यांसमोर मत दिलं तर पहिल्या उत्तराचा दुसऱ्यावर भार पडतो, विशेषतः पहिलं उत्तर दादाचं असेल तर. तसं वाटत असेल तर मतं चुलतभाऊ किंवा वहिनी यांच्यासारख्या, घरात हिस्सा नसलेल्या माणसाकडे पाठवून मुदत संपल्यावर एकदम उघड करावीत.

निकाल लागला की त्याच दिवशी तो लिहून टाका: काय ठरलं, कोणत्या मोजणीने, कोण कधीपर्यंत काय करणार. पुन्हा विषय उघडायचा तो फक्त नवी माहिती आली तर. "मी नीट वाचलं नव्हतं" ही नवी माहिती नाही. सुताराने कौलं उतरवल्यावर आढंच पोखरलेलं निघालं आणि खर्च ठरलेल्या रकमेपेक्षा, समजा, एक चतुर्थांशाने वाढला, तर ती आहे. अशा वेळी उघड्या छपराखाली सहा दिवस थांबता येत नाही. म्हणून असा एक आकडा आधीच ठरवा, ज्याच्या आत दादा विचारल्याशिवाय खर्च करू शकतो.

हा नियम कुठे लावायचा नाही तेही माहीत हवं. घर विकणं, वाटणी करणं, त्यावर कर्ज काढणं यात दोघांचं बहुमत तिसऱ्याच्या हिश्शाला बांधत नाही, आणि त्याच्या मौनाला होकार धरता येत नाही. तिथे तिघांच्या सह्या लागतात. धाकटा परदेशी बंदरात असेल तर त्याला मुखत्यारपत्र करून पाठवता येतं, पण ते तिथल्या भारतीय वकिलातीसमोर करावं लागतं किंवा त्यावर अपोस्टिल, म्हणजे त्या देशाच्या सरकारचं प्रमाणीकरण, घ्यावं लागतं, आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. जहाज बंदरात किती तास थांबणार यावर हे सगळं अवलंबून असल्याने, असा विषय येणार असं दिसलं तर मुखत्यारपत्र रजेवर घरी असतानाच करून घेणं सोयीचं.